प्रस्तावना : आलेखाच्या फोटोवरून तक्ता

बैठकीत पडद्यावर दाखवलेला, कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला किंवा वार्षिक अहवालात छापलेला आलेख आपण मोबाइलवर टिपून घेतो. त्यामागचा आकड्यांचा तक्ता मात्र क्वचितच हाती येतो. पुढे बातमी लिहायची वेळ येते, प्रकल्प अहवाल करायचा असतो किंवा दोन वर्षांची तुलना करायची असते, तेव्हा त्या फोटोतूनच आकडे काढावे लागतात. वार्ताहर, शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते यांना हे काम नेहमी पडते, आणि बहुतेक जण ते नजरेच्या अंदाजाने उरकतात. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. तिच्यात दोनच आलेख घेतले आहेत : वृत्तालेख, ज्याला आपण सर्रास पाय चार्ट म्हणतो, आणि एकेका वर्षासाठी दोन-तीन स्तंभ शेजारी शेजारी उभे करणारा जोडस्तंभालेख. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ते हेच.

फोटोतून काढलेला आकडा म्हणजे मोजमाप असते. छापलेला आकडा उतरवून घेणे वेगळे आणि चित्र मोजून आकडा काढणे वेगळे. मोजायचे म्हटले की दोन प्रश्न येतात : मोजपट्टी कोणती, आणि मोजलेले बरोबर आहे हे कशावरून? या दोन्ही प्रश्नांना आपले दोन आलेख अगदी वेगवेगळी उत्तरे देतात. स्तंभालेखाची मोजपट्टी चित्रातच असते. उभ्या अक्षावरचे ०, २०, ४० हे आकडे आणि त्यांच्यासमोरच्या आडव्या रेषा म्हणजे ती पट्टी. वृत्तालेखात असे काही नसते. तिथे भरवसा एकाच गोष्टीवर ठेवायचा, ती म्हणजे मुळातले वर्तुळ खरोखर गोल होते. फोटोत तो गोलपणा बिघडला की मोजपट्टीच बिघडते, आणि ती बिघडली आहे हे सहजी कळत नाही. पुस्तिकेतले पहिले प्रकरण म्हणूनच वृत्तालेखाचे आहे.

उदाहरणे जनगणनेच्या आकड्यांवरून मुद्दाम काढलेल्या आलेखांची घेतली आहेत. खरा आकडा आधीच माहीत असला की आपण किती चुकलो हे तिथल्या तिथे दिसते. शिकताना वाचकांनीही हाच मार्ग धरावा, असे मला वाटते.

२०११च्या जनगणनेनुसार देशातल्या एकूण कामगारांत शेती कसणारे २४.६ टक्के, शेतमजूर ३०.० टक्के, घरगुती उद्योगातले ३.८ टक्के आणि इतर कामगार ४१.६ टक्के होते. वृत्तालेखात एक टक्का म्हणजे ३.६ अंश. त्यामुळे या चार वर्तुळपाकळ्यांचे केंद्रीय कोन साधारण ८८.६, १०८.०, १३.७ आणि १४९.८ अंश होतात. घड्याळात बारा वाजतात तिथून सुरुवात करून, काटे फिरतात त्या दिशेने, याच क्रमाने पाकळ्या काढल्या आहेत असे धरा. आता हा आलेख भिंतीवर उंच लावला आहे आणि आपण खालून, फोन वर तिरका करून फोटो घेतला. चित्रात वर्तुळाची रुंदी १००० पिक्सेल भरली, पण उंची ८०० पिक्सेलच भरली. वर्तुळाचा लंबगोल झाला. डोळ्याला तो फारसा खटकतही नाही, कारण तिरके पाहण्याची आपल्याला सवय असते.

या लंबगोलावरच कोन मोजले तर शेती कसणारे २४.७, शेतमजूर ३१.०, घरगुती उद्योग ४.४ आणि इतर ४०.० टक्के येतात. पहिला आकडा जवळजवळ बरोबर आहे. शेवटचा दीड टक्क्याहून जास्त घसरला आहे, आणि घरगुती उद्योगाची छोटीशी पाकळी मूळच्या मानाने सातव्या हिश्शाने फुगली आहे. कारण साधे आहे. चित्र वरून-खालून दाबले गेले की बारा आणि सहा वाजण्याच्या आसपासचे कोन रुंदावतात आणि तीन-नऊच्या आसपासचे आकसतात. घरगुती उद्योगाची पाकळी सातच्या काट्याजवळ आहे, म्हणून ती फुगली. इतरांची पाकळी नऊच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे, म्हणून ती घटली.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच आहे. या चुकलेल्या चार आकड्यांची बेरीज करून पाहा. गोल न केलेल्या आकड्यांची केली तर ती बरोबर शंभर येते, आणि एका दशांशावर गोल केलेल्या आकड्यांची १००.१ येते. केंद्राभोवतीचे कोन कसेही मोजले तरी ते ३६० अंशच भरणार. म्हणजे ‘बेरीज शंभर आली, तेव्हा तक्ता बरोबर’ हा पडताळा इथे पोकळ आहे. एखादी पाकळी मोजायची राहिली किंवा दोनदा मोजली, एवढेच त्यातून कळते. फोटो तिरका होता हे त्यातून कधीच कळत नाही.

खरा पडताळा वर्तुळाचा घ्यायचा. वर्तुळाचे सर्वांत डावे आणि सर्वांत उजवे टोक यांतले अंतर, आणि सर्वांत वरचे व खालचे टोक यांतले अंतर, ही दोन्ही मोजावीत. ती सारखी नसतील तर चित्र एका दिशेने ताणून सारखी करावीत. आपल्या उदाहरणात उंची सव्वापट केली की ८००चे १००० होतात. त्यानंतर दुसरा पडताळा : पाकळ्या जिथे एकत्र येतात तो बिंदू या चार टोकांच्या बरोबर मध्यावर आहे का? ताणलेल्या चित्रात डावे टोक १००वर आणि उजवे ११००वर असेल, तर मध्य ६००वर. वरचे १२०वर आणि खालचे ११२०वर असेल, तर मध्य ६२०वर. पाकळ्यांचा संगम तिथून आठ-दहा पिक्सेल बाजूला सरकलेला दिसला, तर फोटो फार जवळून घेतलेला आहे. जवळची कड मोठी आणि लांबची लहान झाली आहे. नुसते ताणून ते सुधारत नाही. तेव्हा आलेखाच्या चौकटीचे किंवा कागदाचे चार कोपरे धरून चित्र सरळ करावे लागते. कागदपत्रे स्कॅन करणारी मोबाइल ॲप हे करतात, आणि गिम्पसारख्या मोफत चित्र-संपादकातही ती सोय असते. मात्र ॲप कागदाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण अंदाजाने ठरवते. म्हणून सरळ केल्यानंतरही वर्तुळ गोल आहे की नाही हे पुन्हा मोजायचेच.

आता पुढचे काम सोपे आहे. चित्र-संपादकात कर्सर नेला की त्या बिंदूचे आडवे आणि उभे स्थान पिक्सेलमध्ये दिसते. स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत केंद्राचे स्थान लिहावे, म्हणजे B1मध्ये ६०० आणि C1मध्ये ६२०. त्याखाली प्रत्येक सीमारेषा वर्तुळाला जिथे मिळते त्या बिंदूचे स्थान लिहावे. पुढचे सूत्र बाराच्या काट्यापासूनचा कोन देते :

```
=MOD(DEGREES(ATAN2($C$1-C2, B2-$B$1)), 360)
```

आपल्या चित्रात पहिली सीमा बाराच्या काट्यावरच आहे, म्हणजे शून्य अंश. पुढच्या तीन सीमांचे बिंदू (११००, ६०७), (४५८, १०९९) आणि (३४८, १०५२) असे मिळाले. सूत्राने त्यांचे कोन ८८.५, १९६.५ आणि २१०.३ अंश येतात. लगतच्या दोन कोनांतला फरक काढून ३.६ने भागले की २४.६, ३०.०, ३.८ आणि ४१.६. जनगणनेचेच आकडे परत हाती आले. ५०० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळावर कडेचा एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर फरक पडतो ०.०३ टक्क्याचा. हेच वर्तुळ फोटोत १०० पिक्सेल त्रिज्येचे असते तर एका पिक्सेलला ०.१६ टक्के गेले असते. आलेख चित्रात मोठा यावा, तरी कॅमेरा मागे उभा राहून आणि कागदाला समांतर धरावा, झूम वापरावा, असा आग्रह पुस्तिकेत आहे तो यासाठी.

जोडस्तंभालेखात मोजपट्टी चित्रातच असल्यामुळे काम निर्धास्त वाटते. दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या साक्षरतेचे आहे : १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणना, प्रत्येकीत पुरुष आणि स्त्रिया असे दोन स्तंभ. चित्र सरळ केल्यावर शून्याची रेषा ९१० पिक्सेलवर आणि शंभराची ११०वर आली. शंभर टक्क्यांना ८०० पिक्सेल, म्हणजे एका टक्क्याला ८. पट्टी अशी नेहमी दूरदूरच्या दोन रेषांवर बसवावी. शेजारच्या दोन रेषांवर बसवली तर एका पिक्सेलची चूक वर जाता जाता वाढत जाते. मग मधली एखादी रेषा तपासायची. ६०ची रेषा ४३०वर असायला हवी. ती ४२४वर सापडली, तर पाऊण टक्क्याची गफलत आहे. चित्र पूर्ण सरळ झालेले नाही किंवा जवळून घेतलेल्या फोटोत भिंगामुळे रेषा मध्ये फुगल्या आहेत, असे समजावे. इथे चित्र रुंदीला दाबले गेले असले तरी बिघडत नाही, कारण उंची आणि रुंदीचा एकमेकींशी संबंधच येत नाही. वृत्तालेखाला जी गोष्ट मारक ठरते ती इथे निरुपद्रवी असते.

प्रत्येक स्तंभाचा माथा कडेवर न घेता मधोमध पाहावा आणि त्याचे स्थान लिहून घ्यावे. १९९१चा पुरुषांचा स्तंभ २९८वर संपतो. ९१०मधून २९८ वजा केले की ६१२, आणि ८ने भागले की ७६.५. जनगणनेचा आकडा ७६.५६ आहे. त्याच वर्षीचा स्त्रियांचा स्तंभ ४९१वर, म्हणजे ५२.४, मूळ आकडा ५२.३२. अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. समजा अक्षाची सुरुवात ५०पासून आहे. तेव्हा ५२.३२चा स्तंभ अडीच टक्क्यांहूनही बुटका दिसेल आणि पुरुषांचा त्याच्या अकरापट उंच भासेल. पायाच्या रेषेवर लिहिलेला आकडा आधी वाचावा आणि मोजलेली उंची त्यात मिळवावी.

अशा मोजणीतून कधी कधी आलेखावर न लिहिलेली गोष्टही कळते. २०११च्या जनगणनेचे आधी तात्पुरते आणि नंतर अंतिम आकडे प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातल्या पुरुषांची साक्षरता तात्पुरत्या आकड्यांत ८९.८२ टक्के होती, ती अंतिम आकड्यांत ८८.३८ झाली. स्त्रियांची ७५.४८ची ७५.८७ झाली. आलेखाखाली नुसते ‘जनगणना २०११’ लिहिलेले असले, तर यांपैकी कोणते आकडे वापरले? आपल्या चित्रात तात्पुरत्या आकड्याचा पुरुषांचा स्तंभ १९१वर संपला असता आणि अंतिम आकड्याचा २०३वर संपतो. बारा पिक्सेलचा फरक स्पष्ट दिसतो, आणि आपला स्तंभ २०३वर आहे. म्हणजे आलेख अंतिम आकड्यांचा. हाच निर्णय स्त्रियांच्या स्तंभावरून करू गेलो तर दोन शक्यतांत तीनच पिक्सेलचे अंतर उरते, आणि फोटोतल्या स्तंभाची पुसट कड स्वतःच दोन पिक्सेल जाडीची असते. तिथे गप्प बसावे. आपली चूक किती असू शकते हे माहीत असले की मोजमापावरून काय बोलता येते आणि काय येत नाही, याची रेषा आखता येते.

आता सूचीकडे वळू. आलेखाच्या कडेला रंगाचे छोटे चौकोन आणि त्यांची नावे असतात, ती सूची किंवा लेजंड. आकडा कितीही नेमका मोजला तरी तो चुकीच्या नावापुढे गेला तर सगळे वाया जाते. शिवाय ही चूक दशांशाची नसते. पुरुषांचे आकडे स्त्रियांच्या नावावर जातात. फोटोत रंग बदलतात. सूची उजवीकडे सावलीत असते, डावीकडची पाकळी ट्यूबलाइटखाली उजळलेली असते, आणि तोच हिरवा दोन ठिकाणी दोन हिरव्यांसारखा दिसतो. शिवाय मोबाइलच्या जेपीईजी चित्रात उजेडाच्या मानाने रंग ढोबळपणे साठवलेला असतो, म्हणून कडेला शेजारच्या रंगाची छटा मिसळते. रंग नेहमी पाकळीच्या किंवा स्तंभाच्या मधून, दहा-वीस पिक्सेलच्या चौकोनाची सरासरी घेऊन उचलावा. दोन रंग तंतोतंत जुळतील ही अपेक्षा ठेवू नये. सूचीतल्या सर्व रंगांत सर्वांत गडद कोणता, त्याच्या खालोखाल कोणता, हा क्रम लावावा आणि आलेखातला क्रम त्याच्याशी ताडून पाहावा.

रंग दगा देतो तेव्हा क्रम साथ देतो. एक्सेलमध्ये काढलेल्या साध्या वृत्तालेखात पाकळ्या बारापासून काट्याच्या दिशेने सूचीच्याच क्रमाने येतात. उभ्या जोडस्तंभालेखात गटातले स्तंभ डावीकडून उजवीकडे सूचीच्या क्रमाने असतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर दोन मालिका एकाच करड्या रंगाच्या झाल्या असतील, तर हा क्रम हाच एक पुरावा उरतो. पण आलेख काढणाऱ्याने क्रम हाताने बदललेलाही असू शकतो. म्हणून नाव केवळ क्रमावरून लावले असेल तर तक्त्यात तसे नोंदवावे. सूचीत पाच नावे आणि वर्तुळात चारच पाकळ्या दिसल्या, तर पाचवी शून्य आहे असे लिहू नये. ती रेषेइतकी बारीक असू शकते. तिथे ‘मोजता आले नाही’ असे लिहावे. सूचीतली नावेही जशी छापली आहेत तशीच उतरवावीत. ‘इतर कामगार’ हे नाव आपल्या सोयीने ‘बिगरशेती’ असे केले की मूळ अर्थ हातातून जातो; घरगुती उद्योगही बिगरशेतीच असतो.

या सगळ्यातून शेवटी तक्ता तयार होतो. एका ओळीत एकच मूल्य आणि त्याच्याबरोबर त्याची पूर्ण ओळख, ही मांडणी पुस्तिकेत सर्वत्र ठेवली आहे. साक्षरतेच्या आलेखाचा तक्ता असा दिसतो :

| वर्ष | सूचीतले नाव | मूल्य (टक्के) | कसे मिळाले | संभाव्य चूक |
|---|---|---|---|---|
| १९९१ | पुरुष | ७६.५ | मोजून | ± ०.३ |
| १९९१ | स्त्रिया | ५२.४ | मोजून | ± ०.३ |
| २००१ | पुरुष | ८६.० | मोजून | ± ०.३ |
| २००१ | स्त्रिया | ६७.० | मोजून | ± ०.३ |
| २०११ | पुरुष | ८८.४ | मोजून | ± ०.३ |
| २०११ | स्त्रिया | ७५.९ | मोजून | ± ०.३ |

चौथा रकाना लोक सर्वांत आधी गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पुष्कळ आलेखांत काही स्तंभांवर आकडे छापलेले असतात आणि काहींवर नसतात. छापलेला आकडा ‘छापील’ म्हणून घ्यावा आणि त्या स्तंभाची मोजणीही करावी. दोन्ही जुळले तर पट्टी नीट बसली आहे याचा पुरावा मिळतो. जुळले नाहीत तर आलेख चुकीचा काढला आहे किंवा आपली पट्टी सरकली आहे, आणि दोन-तीन छापील आकडे तपासले की यांपैकी काय झाले ते कळते. पाचवा रकाना किती दशांश लिहायचे ते ठरवतो. भागाकारातून ५२.३७५ निघाले म्हणून तेवढे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. दोन पिक्सेलची कड म्हणजे पाव टक्का. तेव्हा एक दशांश पुरे.

काही आलेखांपुढे ही पद्धत थांबते. जाडी दाखवणाऱ्या त्रिमितीय स्तंभालेखात रेषा मागच्या भिंतीवर असतात आणि स्तंभ पुढे उभे असतात, त्यामुळे माथा कोणत्या रेषेशी ताडावा हेच निश्चित नसते. त्रिमितीय वृत्तालेखात वरच्या पृष्ठभागाचा लंबगोल पूर्ण दिसत असेल तरच तो गोल करून मोजावा. पुढची जाडी पाकळीत धरली की पुढची पाकळी विनाकारण मोठी होते. असे आलेख हाती आले तर आकडे ‘अंदाजे’ म्हणून द्यावेत आणि मूळ तक्ता मागावा. सरकारी कार्यालयाच्या आलेखासाठी तो माहितीच्या अधिकारात मागता येतो, आणि जनगणनेचे तक्ते तर सर्वांसाठी खुले आहेत.

वाचकांना माझी विनंती इतकीच, की पुस्तिका नुसती वाचू नका. ज्याचे आकडे तुम्हाला माहीत आहेत असा एक आलेख छापा, मुद्दाम तिरका फोटो घ्या आणि त्यातून तक्ता काढा. मग खऱ्या आकड्यांशी तो ताडून पाहा. तुमच्या फोनची आणि हाताची चूक किती, ते त्यातून कळेल. ती चूक पुढच्या प्रत्येक तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहा, आणि मूळ फोटो तक्त्याबरोबर जपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तुमचे आकडे पुन्हा मोजून पाहता येतील.